जीपीएसशी जुळणारा काटा आणि चुकणारे किलोमीटर

नाशिकच्या टायर दुकानांत एक वाक्य हमखास कानी पडतं: “मोठे टायर टाकले आणि मीटर एकदम करेक्ट झाला, जीपीएसशी जुळतो!” काटा जुळतो हे खरं आहे. पण मीटर बरोबर झाला, हे खरं नाही.

मूळ टायर १८५/६५ आर १५ असलेली गाडी घेऊ. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. रिमचे ३८१ मिमी आणि वर-खाली मिळून साइडवॉलचे २४०.५ मिमी, असा टायरचा व्यास ६२१.५ मिमी होतो. त्याच रिमवर २०५/६५ टाकला तर व्यास ६४७.५ मिमी होतो, म्हणजे ४.२ टक्के जास्त.

गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे कळतात. गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर प्रत्येक फेऱ्यामागे ठरावीक पल्स पाठवतो आणि मीटर त्यांना कारखान्यात ठरवलेल्या एका आकड्याने गुणतो. टायर मोठा झाला की तेवढ्याच अंतराला फेरे कमी होतात. त्यामुळे वेग आणि किलोमीटर दोन्ही कमी दिसतात.

मग जीपीएसशी जुळलं कसं? स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवेल असा बनवतात. संयुक्त राष्ट्रांच्या आर ३९ या नियमानुसार कारचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त मात्र दाखवू शकतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत. समजा, आपली गाडी मूळ टायरवर खऱ्या १०० ला १०४ दाखवत होती. नव्या टायरवर ती १०४ ÷ १.०४२, म्हणजे ९९.८ दाखवेल. कंपनीने ठेवलेली सुरक्षेची फट टायरने खाऊन टाकली, आणि आपल्याला वाटलं मीटर सुधारला.

धावलेले किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरमध्ये मात्र अशी वाढ सहसा ठेवलेली नसते. तो मूळ टायरवर बराचसा खरा असतो. म्हणून आता १०,००० किमी धावल्यावर तो सुमारे ९,६०० च दाखवतो. सर्व्हिस ४०० किमी उशिरा होते. १८ चं ॲव्हरेज देणारी गाडी कागदावर १७.३ देते आणि शिव्या पंपवाल्याला बसतात. उलट, लहान टायर टाकून “मायलेज वाढलं” म्हणणाऱ्यांचं मायलेज बहुतेक मीटरातच वाढलेलं असतं.

म्हणून मीटर जुळवून घेणं, म्हणजे कॅलिब्रेशन, काट्यावरून करायचं नाही, ओडोमीटरवरून करायचं. हवा नेहमीच्या दाबाला भरा. पाथर्डी फाटा सोडून घोटीच्या दिशेने मुंबई महामार्गाला लागा, एका किलोमीटर दगडापाशी ट्रिप मीटर शून्य करा आणि २० किमी सरळ चला. ट्रिप मीटर ०.१ किमीपर्यंतच वाचता येतो. ५ किमीच्या चाचणीत तेवढ्यानेच २ टक्क्यांची चूक शिरते, २० किमीत ती अर्ध्या टक्क्यावर येते. रस्तारुंदीकरणात एखादा दगड हललेला असू शकतो, म्हणून जीपीएसने नोंदवलेलं अंतरही ताडून पाहा. ट्रिपवर १९.२ आले तर गुणक २० ÷ १९.२, म्हणजे १.०४२. हा गुणक बसवला की काटा पुन्हा १०० ला १०४ दाखवू लागेल, आणि तो तसाच दाखवायला हवा. काटा जीपीएसशी जुळवायला गेलात तर ओडोमीटर पुन्हा ४ टक्के मागे पडेल.

गुणक कुठे बसवायचा, हे गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत स्कॅनर लावून गाडीत नोंदवलेला टायरचा परीघ बदलता येतो. गिअरबॉक्सच्या सेन्सरमधून थेट मीटरला वायर जात असेल, तर मध्ये पल्स वाढवणारा छोटा बॉक्स बसतो. जुन्या केबलवाल्या जीपमध्ये गिअरबॉक्समधला स्पीडोमीटर पिनियन वेगळ्या दातांचा घालतात. मीटरला वेग एबीएसकडून मिळत असेल, तर चाकाच्या सेन्सरची वायर तोडून बॉक्स बसवू देऊ नका, कारण ब्रेकचा हिशेबही त्याच पल्सवर चालतो.

हवा कमी झाली की मीटर खूप चुकतो, हाही एक समज आहे. रेडियल टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराखाली, म्हणजे ट्रेडखाली, पोलादी पट्टा असतो आणि तो जवळजवळ ताणला जात नाही. हवा कमी झाल्यावर टायर खाली बसतो, रिम जमिनीजवळ येते, पण रणगाड्याच्या साखळीसारखा तो पट्टा एका फेऱ्यात जवळपास तेवढाच रस्ता कापतो. म्हणून रिमच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेप लावून काढलेला परीघ कमी भरतो. टायरवर खडूची खूण करा, गाडीत बसून ती काही फेरे ढकलायला लावा आणि रस्त्यावरचं अंतर मोजा, तो आकडा खरा.

झिजेचा परिणाम याहून मोठा असतो. ट्रेड ८ मिमीवरून १.६ वर आला की व्यास जवळपास १३ मिमी घटतो, म्हणजे २ टक्के. तेव्हा नव्याकोऱ्या टायरवर गुणकाच्या तिसऱ्या दशांशासाठी भांडण्यात अर्थ नाही.