रहाटावरून बादली ओढताना वजन कमी होतं का?

आमच्या आजोळी घरामागे आड आहे, अजूनही चालू. दोर सोडला की बादली पाण्यावर आपटते, मग दोराला हलकासा झटका देऊन ती आडवी करायची, भरली की ओढायची. यातली एक गंमत लहानपणापासून हाताला माहीत होती, भरलेली बादली पाण्यात असते तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. कारण पाण्यात असताना आतल्या पाण्याचं वजन बाहेरचं पाणीच पेलत असतं.

आता हिशोब करू. बादली १ किलो, पाणी ९ लिटर म्हणजे एकूण १० किलो, आणि पाण्यापासून कठड्यापर्यंत १२ मीटर. दोराचं वजन सध्या सोडून द्या. १० किलो उचलायला ९८ न्यूटन बल लागतं, गुणिले १२ मीटर, म्हणजे एका बादलीचं कार्य ११७६ ज्यूल.

रहाट लावला म्हणून हा आकडा कमी होत नाही, बरेच जण इथेच चुकतात. वर पक्कं बसवलेलं एक चाक वजन वाटून घेत नाही, फक्त ओढायची दिशा बदलतं. रहाट नसेल तर कठड्यावरून वाकून, कंबर मोडून दोर वर खेचावा लागतो, आणि चाकावरून ओढताना तुम्ही सरळ उभे राहून स्वतःच्या वजनाचा भार दोरावर टाकता. सोपं वाटतं ते यामुळे.

उलट कुरकुरणारा रहाट थोडं जास्तच काम करून घेतो. तपासायचं असेल तर सामान मोजायचा हुकवाला वजनकाटा दोराला अडकवा, बादली कठड्याच्या आतच लटकू द्या, आणि काटा धरून एकसारखं, सावकाश ओढा. काटा १० च्या जागी १२ दाखवत असेल, आणि तसंच सावकाश खाली सोडताना ८-साडेआठ, तर घर्षण भरपूर आहे. वर आणताना ते तुमच्या विरुद्ध असतं, सोडताना तुमच्या बाजूने. १२ किलोचा जोर म्हणजे १४११ ज्यूल, त्यातले २३५ नुसते आस तापवण्यात गेले. आसाला तेल द्या आणि परत मोजा, फरक काट्यावरच दिसेल.

मग वेग. मामी एक बादली २४ सेकंदात आरामात वर आणते, म्हणजे ११७६ भागिले २४, फक्त ४९ वॅट शक्ती. मी जोर दाखवायला १२ सेकंदात ओढली तर ९८ वॅट. काम दोघांचं तेवढंच, पण माझा दहाव्या बादलीला दम निघतो आणि मामी बोलत बोलत पिंप भरते. शिवाय माझी बादली हेलकावे खात आडाच्या भिंतीला आपटते, पाणी सांडतं, म्हणजे जे पाणी अर्ध्यापर्यंत उचललं होतं त्यावर केलेलं कामही पाण्यातच गेलं.