उंबरा ओलांडताना भिंतीचा रंग का बदलतो?

घर विकायला काढलं की हल्ली पहिली मागणी व्हिडिओची असते. घर अंबाजोगाईत, घेणारा पुण्यात नोकरीला. तो आधी मोबाइलवर घर फिरून बघतो आणि मगच गाडीत बसतो. एजंट फोन हातात धरून ओसरीतून आत शिरतो. बैठकीच्या दारात पाय ठेवला की पडद्यावर आत नुसता अंधार दिसतो. सेकंदभरात तो अंधार उजळत जातो, भिंती पांढऱ्याफटक होतात, आणि फोन खिडकीकडे वळला की अख्खी खोली पुन्हा काळवंडते. घरमालक व्हिडिओ बघून म्हणतात, "भाऊ, आमचं माजघर एवढं काळं नाही हो." त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ही अडचण जास्त जाणवते, कारण ती घरं उन्हाला बाहेर ठेवण्यासाठीच बांधलेली असतात. भिंती जाड, खिडक्या लहान, आतल्या खोलीला उजेड मिळालाच तर छतातल्या झरोक्यातून. सावलीतल्या ओसरीत सकाळी दहाच्या सुमारास उजेड मोजण्याच्या एककात, म्हणजे लक्समध्ये, ९,६०० उजेड असेल, तर बैठकीत ६०० आणि माजघरात जेमतेम ७५ असू शकतो. छायाचित्रणात उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉपचा फरक पडला असं म्हणतात. या हिशेबाने ओसरी ते बैठक चार स्टॉप आणि बैठक ते माजघर तीन स्टॉप. वीस पावलांत सात स्टॉप, म्हणजे १२८ पटींचा फरक.

स्वतः चालत गेलात तर हा फरक फारसा खटकत नाही. बाहुली लहान-मोठी होते आणि दृष्टिपटलही आपली संवेदनशीलता बदलतं. त्यात मेंदू भिंतीचा पांढरेपणा एकट्या भिंतीवरून ठरवत नाही, शेजारच्या दाराशी, फरशीशी तुलना करून ठरवतो. म्हणून ओसरीतली पांढरी भिंत माजघरातही पांढरीच वाटते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना मात्र जुळवून घ्यायला काही निमित्तच नसतं. तो एकाच खोलीत, एकाच उजेडात बसलेला असतो. कॅमेऱ्याने केलेली उघडझाप त्याला भिंतच बदलल्यासारखी दिसते.

कॅमेरा हे करतो, कारण त्याला खोली कळत नाही. चित्राच्या चौकटीत जे काही आहे त्याचा सरासरी उजेड तो मधल्या करड्या छटेपाशी आणायला बघतो. अंधारं दार चौकटीत शिरलं की सरासरी घसरते आणि तो सगळंच उजळवतो, शेजारची चांगली दिसणारी भिंतसुद्धा. बहुतेक फोनमध्ये भिंगाचं छिद्र ठरलेलं असतं, त्यामुळे त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि संवेदकाचा संकेत किती वाढवायचा, म्हणजे आयएसओ. छिद्र f/1.8 धरलं तर वरच्या घरात ओसरीला साधारण १/६०० सेकंद आणि आयएसओ ५० लागेल, बैठकीला १/५० आणि ६५, माजघराला १/५० आणि सुमारे ५००. फोन स्वयंचलित ठेवला तर हे सगळे बदल चालता चालता, सगळ्यांच्या देखत होतात.

उपाय असा की हे बदल दोन क्लिपांच्या मध्ये ढकलायचे. प्रत्येक खोली वेगळी चित्रित करायची आणि प्रत्येकीत एक्स्पोजर, म्हणजे शटर आणि आयएसओची जोडी, कुलूपबंद ठेवायचं. आयफोनमध्ये पडद्यावर बोट दाबून ठेवलं की AE/AF LOCK अशी अक्षरं येतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तसंच केल्यावर कुलपाचं चिन्ह दिसतं. खरी मेख आहे कुलूप कुठे लावायचं यात. बैठकीची क्लिप घ्यायची असेल तर आधी बैठकीत जाऊन तिथल्या भिंतीवर एक्स्पोजर बांधायचं, मग तसाच फोन घेऊन उलट ओसरीत यायचं, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि दारातून आत चालत जायचं. क्लिपच्या सुरुवातीला ओसरीचं चित्र जळल्यासारखं पांढरं दिसेल, पण तो भाग आपण वापरणारच नाही. आत पाऊल पडतं तेव्हा खोली पहिल्या क्षणापासून नीट दिसते, ही या उलट चालीची कमाई.

शटरबाबत आपल्याकडे एक बंधन आहे. वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. घरात शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला या लाटा पूर्ण मिळतात. १/१२० ठेवलं की भिंतीवरून करडे पट्टे सरकायला लागतात, आणि ते नंतर काढणं फार जिकिरीचं. छताचा पंखाही बंद ठेवावा. पाती दिव्याच्या आड येतात आणि त्यांची सावली भिंतीवर लपलपते. ओसरीत सूर्याचा उजेड असल्याने १/६०० चालतं, पण त्या फ्रेम इतक्या रेखीव येतात की चाल धक्क्याधक्क्याने झाल्यासारखी वाटते आणि बैठकीच्या मऊ हालचालीशी जुळत नाही. भिंगावर उजेड अडवणारी ND8 ची गडद काच लावली तर तीन स्टॉप कमी होऊन शटर १/७५ वर येतं. काच नसेल तर ओसरीत अगदी सावकाश चालावं.

आता कट. ओसरीची क्लिप दाराकडे जाताना संपते, बैठकीची दारातूनच सुरू होते. कट पडतो तो दाराची चौकट किंवा दारावरच्या पडद्याची कड जवळून जाताना चित्राचा मोठा भाग व्यापते त्या क्षणी. त्या दोन-चार फ्रेममध्ये बघणाऱ्याला तुलना करायला भिंतच मिळत नाही, म्हणून उजेडाची उडी लपते. दोन्ही क्लिपांत चालण्याचा वेग आणि फोन वळण्याची दिशा एकच हवी. एकीत डावीकडे वळत होतात आणि दुसरीत उजवीकडे, तर उजेड कितीही जुळवा, कट टोचतोच. क्लिप थांबल्यावर न कापता चालीतच कापावी. एक चित्र विरत असताना दुसरं उमटवणाऱ्या क्रॉस डिझॉल्व्हने हा सांधा झाकण्याचा मोह होतो, पण हातात धरलेल्या दोन क्लिपांच्या चौकटी कधी एकमेकींवर बसत नाहीत आणि अर्धा सेकंद दोन दारं दिसतात. फोन स्टँडवर, एकाच जागी असेल तरच मी डिझॉल्व्ह वापरतो.

मग उजेड जुळवणं. हे डोळ्यांनी करू नये, कारण मेंदू जी चलाखी ओसरीत करतो तीच एडिटिंगच्या टेबलावरही करतो. डाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरांत वेव्हफॉर्म नावाचा आलेख असतो. चित्रातला प्रत्येक बिंदू किती उजळ आहे ते तो उंचीवर दाखवतो; इथले आकडे तळ ० आणि माथा १०० धरून दिले आहेत. मापाला एकच वस्तू धरायची. या घरात सगळीकडे एकच फिकट डिस्टेंपर आहे, तर तीच भिंत. ओसरीच्या क्लिपच्या शेवटी ती ७२ वर आणली, बैठकीच्या सुरुवातीला ६२ वर आणि माजघरात ५३ वर.

हे आकडे सारखे का नाहीत? व्हिडिओत प्रकाश सरळ आकड्यांत न साठवता एका वक्राने साठवलेला असतो. प्रकाश दुप्पट झाला तर आलेखावरचा आकडा दुप्पट होत नाही, सुमारे १.३७ पट होतो. अर्ध्या स्टॉपला साधारण १.१७ पट. म्हणजे ७२, ६२ आणि ५३ यांच्यात प्रत्येकी अर्ध्या स्टॉपचाच फरक आहे. खरे सात स्टॉप आपण एकात बसवले. सगळ्या खोल्या ६२ वर आणता आल्या असत्या, पण मग माजघर माजघर वाटत नाही, आणि घर बघायला आलेल्या माणसाला दारातच फसवल्यासारखं होतं. थोडं आत, थोडं सावलीत आलो एवढं कळायला अर्धा स्टॉप पुरतो.

आकडा बदलताना ब्राइटनेसची पट्टी हलवू नये. ती सगळ्या चित्रात सारखीच भर घालते, त्यामुळे भिंतीबरोबर काळा दरवाजाही वर येऊन राखेसारखा करडा होतो. गेन किंवा एक्स्पोजर गुणाकार करतं. काळं काळ्याजागी राहतं.

कधी कधी मात्र स्वयंचलित फोनवर काढलेली एकच लांबलचक क्लिप हातात येते आणि घर तोवर बंद झालेलं असतं. तेव्हा कॅमेऱ्याने केलेली उघडझाप उलटी करावी लागते. समजा भिंत ६२ वर होती, दार चौकटीत आलं आणि २० फ्रेममध्ये ती ८५ वर गेली. ८५ भागिले ६२ म्हणजे १.३७, पुरा एक स्टॉप. बदल सुरू होतो त्या फ्रेमवर एक्स्पोजर शून्याची की-फ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला ठरवून दिलेला आकडा, आणि बदल संपतो तिथे उणे एकची. मध्ये सरळ रेषेवर विसंबू नये. कॅमेरा आधी झपकन आणि मग हळू बदलतो, म्हणून पाचव्या आणि दहाव्या फ्रेमवर थांबून भिंतीचा आकडा बघावा आणि तिथेही की-फ्रेम टाकावी. भिंत ६२ च्या आसपास स्थिर राहिली की झालं.

याला मर्यादा आहेत आणि त्या आलेखावरच दिसतात. भिंत ८५ वर न थांबता १०० ला जाऊन टेकली असेल, तर आलेखाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसतो. एक्स्पोजर उतरवलं की ती सपाट रेघ तशीच खाली येते आणि भिंतीवर पोत नसलेला करडा ठिगळ उमटतो. तिथे परत आणण्यासारखं काही नसतंच. उलट बाजूने, साध्या ८ बिट व्हिडिओत उजेडाच्या २५६ पायऱ्याच असतात आणि गडद भागाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. काळवंडलेलं माजघर दोन स्टॉप वर ओढलं तर त्या पायऱ्या भिंतीवर पट्ट्यांसारख्या दिसतात, रवाळपणा वाढतो आणि व्हॉट्सअॅपने फाइल आवळली की कोपऱ्यांत चौकोनी डाग पडतात. आणखी एक खूण: भिंत जुळली पण फरशी जुळत नाही. फोनने चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळे उजळवल्याचं ते लक्षण. एका गुणाकाराने ते सुटत नाही. चित्रित करण्याआधी फोनमधला एचडीआर व्हिडिओ बंद ठेवणं हाच इलाज.

राहिली स्वयंपाकघराची खिडकी. बाहेर ऊन आणि आत ओटा, दोन्ही एका चौकटीत दिवसा मावत नाहीत. ओटा बरा दिसला तर खिडकी पांढरी पडते. मालकांना खिडकीतलं शेत किंवा डोंगर दाखवायचाच असेल तर ती एक क्लिप सूर्य मावळल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत, आतले दिवे लावून घ्यावी. तेव्हा बाहेरचा उजेड खूप उतरलेला असतो आणि ओट्यावरच्या दिव्याशी त्याची जवळपास बरोबरी होते. बाहेरचं थोडं निळसर येईल, ते येऊ द्यावं. फक्त व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ओट्यावर बांधून ठेवावा, नाहीतर फोन वळताना भिंत आधी पिवळी आणि मग निळी होते.