अपार आयडी काढायला येताय? आधी आधारवरचं नाव आणि मोबाईल नंबर बघून घ्या

अॅडमिशनचे दिवस असोत की एक्झाम फॉर्मचे, टिळक रोडच्या आमच्या सेंटरवर सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती एकाच गोष्टीत. फी भरलेली असते, फोटो स्कॅन झालेला असतो आणि फॉर्म येऊन थांबतो एबीसी आयडीच्या रकान्यावर. म्हणून आमच्या कस्टमरसाठी हे पत्रक काढलंय, घरी निवांत वाचा आणि मगच या, किंवा घरीच काढा, यायची गरजही पडणार नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. अपार आयडी आणि एबीसी आयडी असे दोन वेगळे नंबर काढायचे नसतात. १२ आकडी एकच नंबर असतो, तो तुम्हाला शिक्षण संपेपर्यंत आणि नंतरही तोच राहतो, कॉलेज बदललं तरी बदलत नाही. एबीसी म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीने २०२१ मध्ये नियम करून सुरू केलेलं खातं, पास केलेल्या विषयांची क्रेडिट त्यात जमा होतात, आणि अपार हा त्या खात्याला जोडलेला तुमचा नंबर. शाळेत असताना पालकांची संमती घेऊन शाळेनेच यूडायस या सरकारी शाळा-नोंदणी पोर्टलवरून अपार काढलेला असू शकतो, त्यामुळे अकरावी-बारावी नुकतीच झालेल्यांनी नवीन काढायच्या आधी डिजिलॉकरमध्ये Issued Documents उघडून बघा, बऱ्याचदा तो तिथे आधीच असतो.

नसेल तर असं करा. फोनवर डिजिलॉकर अॅप घ्या नाहीतर digilocker.gov.in उघडा, आधार नंबर टाका, आधारला जो मोबाईल जोडलेला आहे त्यावर ओटीपी येतो, मग सहा आकडी पिन ठेवा. आत गेल्यावर सर्चमध्ये APAAR टाइप करा, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं कार्ड दिसेल. तुमचं नाव, जन्मतारीख आणि जेंडर तिथे आधारवरूनच आलेलं असतं, ते तिथे बदलता येत नाही हे नीट लक्षात ठेवा. तुम्ही भरायचं ते एवढंच: अॅडमिशनचं वर्ष, ओळख कशाची देताय ते आणि संस्थेचं नाव. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर, मिळाला असेल तर तो टाका, नवीन अॅडमिशन असेल तर तसा ऑप्शन असतो. संस्थेच्या जागी पुणे विद्यापीठाच्या साध्या संलग्न कॉलेजातल्या पोरांनी विद्यापीठाचं नाव निवडायचं, पण कॉलेज ऑटोनॉमस असेल तर त्याचं नाव लिस्टमध्ये वेगळं असू शकतं, तेव्हा ऑफिसात विचारून मगच निवडा. मग Get Document दाबलं की कार्ड येतं. सगळं नीट असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, आणि सरकारी फी काही नाही.

आता अडतं कुठे ते सांगतो, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक कामं ही इथलीच असतात.

मागच्या सीझनला एक बीकॉम फर्स्ट इयरची मुलगी आली होती, हातात कार्डाची प्रिंट, आणि कॉलेजने नंबर मॅच होत नाही म्हणून परत पाठवलेलं. कार्ड बघितलं तर त्यावर नाव तिच्या वडिलांचं! झालं असं होतं की वडिलांच्या फोनमध्ये त्यांचं डिजिलॉकर आधीच लॉगिन होतं, गाडीचं आरसी ठेवायला काढलेलं, मुलीने त्याच फोनवर APAAR शोधलं, तिच्या कॉलेजचं नाव भरलं आणि कार्ड काढलं, सिस्टिमला काय कळणार समोर कोण बसलंय, सिस्टिमने आधार वडिलांचं धरलं आणि वडिलांच्या नावाचं खातं तयार झालं. आम्ही काय केलं, तर वडिलांचं लॉगआउट करून मुलीच्या आधारवर नवीन डिजिलॉकर अकाउंट उघडलं, तिच्याच नावाचं कार्ड काढलं आणि तिने कॉलेजात अर्ज देऊन आधीचा नंबर बदलून घेतला. कार्ड पंधरा मिनिटांत झालं, पण कॉलेजच्या फेऱ्या तीन झाल्या. म्हणून कार्ड आलं की नंबर कॉपी करायच्या आधी नाव आणि जन्मतारीख वाचा, आई-बाबांच्या किंवा भावाच्या फोनवर करत असाल तर दोनदा वाचा.

दुसरी अडचण ओटीपीची. बाहेरगावहून पुण्यात शिकायला आलेल्या पोरांच्या आधारला बऱ्याचदा वडिलांचा नाहीतर काकांचा जुना नंबर असतो. वडील गावी फोनजवळ बसले असतील तर त्यांना कॉल करून ओटीपी विचारून काम होतं, तो लवकर एक्सपायर होतो म्हणून आधीच सांगून ठेवा. पण तो नंबरच बंद झाला असेल तर आमच्या हातात काही नाही, आधार सेंटरवर जाऊन नंबर अपडेट करावा लागतो, हे काम पोस्टमनही करून देतात. तुमच्या कामासाठी आमचा दुकानाचा नंबर आम्ही कधीच लावत नाही, कोणी तसं म्हणालं तर तुम्हीही लावू देऊ नका, पुढे प्रत्येक ओटीपी त्या माणसाकडे जाईल.

तिसरी गोष्ट नावाची, आणि इथे घाई करू नका. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव असतं, आणि विद्यापीठाच्या रेकॉर्डला आडनाव आधी. तेवढ्या उलटापालटीने सहसा अडत नाही. पण स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं इनिशियल असेल किंवा जन्मवर्ष चुकलं असेल तर मात्र नंबर निघूनही रेकॉर्डला जुळत नाही. मग दहावीचं मार्कशीट समोर ठेवायचं आणि चूक नक्की कुठली ते ठरवायचं, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. चूक कॉलेजच्या रेकॉर्डची असेल तर आधारला हात लावू नका.

नंबर दिला आणि सेमिस्टर संपलं तरी खात्यात क्रेडिट शून्य दिसतायत, असा फोन आम्हाला खूप येतो. क्रेडिट तुम्ही स्वतः टाकू शकत नाही आणि आम्हीही नाही, ती विद्यापीठ किंवा ऑटोनॉमस कॉलेजच टाकतं. abc.gov.in वर डिजिलॉकरने लॉगिन करून बघा, शून्य असेल तर वर्गातल्या दोघा-तिघांना विचारा. त्यांचंही शून्य असेल तर विद्यापीठाने अजून अपलोड केलेलं नाही, थांबा. त्यांचं दिसतंय आणि फक्त तुमचंच नाही, तर तुमचा नंबर पीआरएनला चुकीचा जोडलाय किंवा जोडलेलाच नाही, तेव्हा कार्डाची प्रिंट घेऊन परीक्षा विभागात जा. वेळेत बघायचं कारण साधं आहे: नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे वर्षाला ४४, आणि पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं किंवा दुसऱ्या कॉलेजात जायचं म्हटलं तर हीच क्रेडिट बघितली जातात. आणि ती कायमची नसतात, जास्तीत जास्त सात वर्षं धरली जातात.

आमच्याकडे येताना आधार कार्ड, दहावीचं मार्कशीट, पीआरएन असेल तर तो, आणि आधारला जोडलेला फोन चालू आणि चार्ज केलेला आणा. मुलगा किंवा मुलगी स्वतः आली तर बरं, पिन त्यांनीच टाकायचा, आम्ही तो लिहून ठेवत नाही. एक्झाम फॉर्मच्या शेवटच्या दोन दिवसांत साइट खूप स्लो होते, त्यामुळे हे काम आठवडाभर आधी आणा, सकाळी आलात तर रांगही कमी असते.