अक्षर तेवढंच, यादी लांब

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक सल्ला फिरत होता: 'स्क्रीनवर जास्त मजकूर मावायला हवा असेल तर रेझोल्यूशन कमी करा.' दोन-तीन काकांनी लगेच केलं. मजकूर मावला होता तेवढाच, वर अक्षरांच्या कडा पुसट झाल्या.

असं का झालं? अँड्रॉइडमध्ये बटणं, चिन्हं, मोकळ्या जागा यांची मापं पिक्सेलमध्ये नव्हे, तर डीपी नावाच्या एककात दिलेली असतात. पडद्याची घनता, म्हणजे एका इंचात मोजले जाणारे पिक्सेल, 160 डीपीआय असेल तर 1 डीपी म्हणजे 1 पिक्सेल. 480 असेल तर 3 पिक्सेल. ज्या फोनमध्ये रेझोल्यूशन बदलता येतं, ते फोन रेझोल्यूशन उतरवलं की घनताही त्याच प्रमाणात उतरवतात. मांडणी जशीच्या तशी राहते, फक्त कमी पिक्सेलचं चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं जातं.

2016 च्या अँड्रॉइड 7 पासून आलेलं Display size हे सेटिंग पिक्सेलना हातच लावत नाही. ते फक्त घनतेचा आकडा बदलतं. अक्षर हे फोनच्या दृष्टीने चित्र नसतंच. फॉन्टमध्ये त्याची बाह्यरेषा गणिताने लिहिलेली असते आणि प्रत्येक आकारासाठी ती पडद्याच्या खऱ्या पिक्सेलवर नव्याने आखली जाते. ताणणं नाही, म्हणून धूसरपणा नाही. (त्यामुळे 'अक्षरं एचडी करणाऱ्या' अ‍ॅपच्या वाटेला जाऊच नका.)

अक्षरांचं एकक मात्र एसपी: डीपीसारखंच, पण साधारण Font size या सेटिंगच्या पटीने गुणलेलं. गंमत इथेच आहे. समजा पडदा 1080 पिक्सेल रुंद, घनता 480. 16 एसपीचं अक्षर 48 पिक्सेलचं आणि यादीतली 72 डीपीची ओळ 216 पिक्सेलची. Display size एक पायरी खाली, म्हणजे 0.85 पट केलं की घनता 408 होते. ओळ 184 पिक्सेलवर येते, अक्षर 41 वर. आता Font size 1.15 पट करा: अक्षर पुन्हा साधारण 47 पिक्सेल, ओळ मात्र 184 च! 2000 पिक्सेल उंचीत आधी नऊ ओळी दिसत होत्या, आता जवळजवळ अकरा. आक्रसली ती चिन्हं आणि रिकाम्या जागा.

बटणंही आक्रसतात, हा तोटा. 48 डीपीचं बटण साधारण साडेसात मिलिमीटरचं असतं, ते साडेसहाच्या आसपास येतं. बोटं जाड असतील तर शेजारचं बटण दाबलं जाईल. शिवाय काही अ‍ॅप मजकुराच्या चौकटीची उंची डीपीमध्ये पक्की करून ठेवतात. तिथे अक्षर वाढलं, चौकट आक्रसली, की मराठीची पंचाईत आधी होते, कारण आपल्या मात्रा आणि वेलांट्या वर, उकार खाली. 'पुणे'चा उकार किंवा मात्रा छाटलेली दिसली, तर Font size एक पायरी खाली आणा.