दुकानी वहीतील आकडे : वाचन व रूपांतर (नागपूर)

किराणा, कापड, धान्य किंवा सराफीच्या जुन्या दुकानातील वहीच्या पानाचे छायाचित्र पाहून त्यातील रकमा, वजने व मित्या आजच्या परिमाणांत मांडण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद नागपूर शहरातील, मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वह्यांपुरती आहे. किर्द, खतावणी व रोजमेळ हे वह्यांचे प्रकार सर्वपरिचित असल्याने येथे विचार केला आहे तो अपूर्णांकाच्या खुणांचा. वाचणारा अडतो तो बहुधा तिथेच.

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या आणि १९५० नंतर त्याच प्रांताच्या मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे शहर होते आणि प्रांताचा व्यवहार हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत चाले. त्यामुळे इतवारीतील पेढ्यांच्या वह्या मारवाडी वळणाच्या महाजनी लिपीत, तर महालातील दुकानांच्या वह्या मोडीत किंवा बाळबोधीत आढळू शकतात. एकाच घराण्याच्या वहीत मुनीम बदलला की लिपीही बदलते. खुणा मात्र बहुतांशी त्याच राहतात.

खुणांची रीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पै वगळता ही मांडणी चाराच्या पटीत बसते आणि लेखनही तसेच आहे. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे. दोन उभ्या रेघा आठ आणे, तीन उभ्या बारा आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. दोन आडव्या दोन आणे, तीन आडव्या तीन. चौथी आडवी रेघ कधीच येत नाही, कारण चार आणे झाले की उभी रेघ काढायची. म्हणून ।= म्हणजे सहा आणे आणि ॥।- म्हणजे तेरा आणे. हिंदी-मारवाडी वळणाच्या वहीत यानंतर ) अशी कंसासारखी खूण येते. तिच्या डावीकडे रुपये-आणे, उजवीकडे पैसे. तिथे उभ्या रेघेचा अर्थ पाव आणा, म्हणजे एक पैसा, असा होतो. एकच रेघ कंसाच्या डावीकडे असेल तर तिची किंमत उजवीकडच्यापेक्षा सोळापट असते, हे न कळल्याने निम्म्या चुका होतात.

या खुणा कोठून आल्या याविषयी एकमत नाही. मोडी लिपीप्रमाणे त्यांचेही श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याला देण्याची परंपरा आहे. दुसऱ्या मतानुसार त्या कोणा एकाने घडविलेल्या नसून, मोजताना ओढायच्या रेघांतून हिशेबनिसांच्या हातांत सावकाश ठरत गेल्या. पहिल्या मताला समकालीन लेखी आधार दाखविता येत नाही. शिवाय याच खुणा गुजराती, कैथी व महाजनी लेखनातही आहेत, त्यामुळे मोडीशी त्यांची गाठ बांधणे अवघड जाते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. युनिकोडमध्ये २००९ साली त्या U+A830 पासून U+A839 पर्यंतच्या स्थानांवर घेतल्या गेल्या. टंकलिखित प्रत करताना त्या वापराव्यात; साधा दंड वापरल्यास शोध घेताना वाक्याचा शेवट आणि पाव रुपया यांत फरक उरत नाही.

संक्षेप. अक्षरापुढे दोन उभ्या रेघा आल्या तर त्या आठ आणे नव्हेत, शब्द तोडल्याची खूण होय. मि॥ म्हणजे मिती, सं॥ म्हणजे संवत, खा॥ म्हणजे खाते, ह॥ म्हणजे हस्ते (रक्कम किंवा माल कोणाच्या हातून गेला). अंकापुढे त्याच रेघा असल्या तर अर्धा. बा॥ हा संक्षेप दुहेरी आहे : मालाच्या नावाआधी आला तर बाबत, बेरजेखाली आला तर बाकी. वजनाच्या अंकापूर्वी ऽ अशी खूण असली की ते शेर, आणि अंकानंतर असली की मण. ऽ६ सहा शेर, ६ऽ सहा मण. मण चाळीस शेरांचा असल्याने येथील घसरण मोठी पडते.

एक नमुना. पुढील ओळ त्या काळच्या रीतीने रचलेली आहे :

मि॥ कार्तिक सुद ५ सं॥ १९९७, बा॥ जवस तेल ऽ६ दर ।-)। नावे १॥।≡)॥

दर म्हणजे शेराला पाच आणे एक पैसा. सहा शेरांचे तीस आणे आणि सहा पैसे. सहा पैशांचा एक आणा दोन पैसे होतो, म्हणून एकूण एकतीस आणे दोन पैसे. त्यातून सोळा आण्यांचा रुपया काढला की उरतात पंधरा आणे दोन पैसे, आणि वहीतील रक्कम तीच आहे. बारा आण्यांच्या तीन उभ्या, तीन आण्यांच्या तीन आडव्या, कंसानंतर दोन पैसे. असा गुणाकार प्रत्येक ओळीवर करावा. छायाचित्रात तीनपैकी एक आडवी रेघ शिवणीच्या सावलीत गेली असेल तर रक्कम एका आण्याने कमी भरते आणि चूक लगेच दिसते. मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरे तिला लटकवितात; एका आण्याची रेघ तिला चिकटून दिसेनाशी होते, तेथेही हाच उपाय. ज्या ओळीत दर दिलेला नाही, तिथे पानाच्या बेरजेवरून उलटे जावे लागते. बेरीजही छायाचित्राबाहेर राहिली असेल तर ती ओळ संशयित म्हणूनच नोंदवावी.

रूपांतर. आणे-पैशांतील संपूर्ण बेरीज आधी करावी आणि शेवटी एकदाच दशमान करावे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. व्यवहारात तो सहा धरला जाई. सहा सुटे आणे एकेक करून बदलले तर ३६ पैसे होतात, एकत्र बदलले तर ३७.५०. वरील रक्कम ३१.५ भागिले १६, म्हणजे सुमारे १ रुपया ९७ पैसे. शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम; तेव्हा सहा शेर तेल सुमारे ५.६ किलो आणि दर किलोला अंदाजे ३५ पैसे. नातवंडाला सांगताना हे ३५ पैसे नुसते सांगितले की त्याला सगळे फुकटच वाटते. त्याच पानावरील ज्वारीचा किंवा हमालीचा दर शेजारी ठेवून, एका दिवसाच्या हमालीत किती तेल येई, असे मांडलेले बरे. जुने धान्यमाप (पायली, कुडव, खंडी) किलोत बदलू नये. ते आकारमानाचे असून गावोगाव निराळे होते.

१९५७ नंतरच्या पानांवर आणखी एक घोटाळा आहे. ६ न. पै. म्हणजे सहा नवे पैसे, तर रु.-आ.-पै. अशा तीन रकान्यांतील शेवटचा ६ म्हणजे सहा पै, म्हणजेच अर्धा आणा, नव्या हिशेबात तीन पैशांच्या आसपास. ‘नवे’ हे विशेषण १९६४ मध्ये अधिकृतपणे गळाले. रकान्यात ११ पेक्षा मोठा अंक दिसला तर तो पै नव्हे, हे निश्चित.

मिती. संवतातून ५७ वजा केल्यास कार्तिक ते डिसेंबर या काळाचे इसवी सन मिळते. नमुन्यातील मिती १९४० च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडते. जानेवारी ते फाल्गुन ५६ वजा करावेत. चैत्र ते आश्विन या महिन्यांत मात्र संवत दिवाळीपासून बदलणारे की चैत्रापासून बदलणारे हे पाहावे लागते, नाहीतर वर्ष एकाने चुकते. वद्य पक्षात मारवाडी वहीतील महिना मराठी पंचांगाच्या एक पुढे असतो : तिकडचा कार्तिक वद म्हणजे आपला आश्विन वद्य. शकवर्षाच्या वह्यांत ७८ मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुन या मित्यांना ७९.