साइट बंद पडली, हे ग्राहकाआधी मालकाला कसे कळेल?

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याची छोटी वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर रोज सकाळी नवती म्हणजे नव्या लागवडीच्या आणि पिलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवरच्या केळीचा भाव चढतो. शेतकरी तो पाहून कापणी आज करायची की उद्या, हे ठरवतात. अशी साइट बंद पडली तर मालकाला ते कळते कसे? बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवरून: "आप्पा, तुमची साइट लागत नाही, आज भाव काय निघाला?" आणि हा फोन येतो तोपर्यंत अनेकांनी दुसऱ्या व्यापाऱ्याला विचारून गाडी बोलावलेली असते.

मालकाला सर्वांत उशिरा कळण्यामागे तांत्रिक कारणही आहे. तो स्वतःची साइट दिवसातून अनेकदा उघडतो, त्यामुळे तिची प्रत त्याच्या ब्राउझरमध्ये साठलेली असते. साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी जी डीएनएस नावाची व्यवस्था आहे, तिचे उत्तरही त्याच्या फोनमध्ये किंवा राउटरमध्ये काही काळ जपून ठेवलेले असते. नव्याने येणाऱ्याला साइट सापडत नसताना मालकाच्या फोनवर ती व्यवस्थित दिसू शकते. म्हणून "मी आत्ताच पाहिली, चालू आहे" हा पुरावा धरता येत नाही. तपासणारा बाहेरचा हवा, आणि त्याने दर वेळी कोऱ्या पाटीने साइट मागायला हवी.

हे काम करणाऱ्या सेवा इंटरनेटवर आहेत. UptimeRobot सारख्या काहींची मर्यादित मोफत योजना असते, तर Uptime Kuma हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. तत्त्व सगळीकडे एकच: ठरावीक वेळाने तुमचा पत्ता उघडायचा, उत्तर पाहायचे आणि ते चुकीचे असले तर निरोप पाठवायचा. पाच मिनिटांत खाते उघडून, पत्ता टाकून बहुतेक जण थांबतात. खरी गोम मात्र "उत्तर पाहायचे" या दोन शब्दांत आहे.

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर आधी तीन आकडी संकेत पाठवतो. 200 म्हणजे ठीक, 404 म्हणजे पान सापडले नाही, 500 आणि त्यापुढचे म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडले. साधी तपासणी फक्त हा आकडा पाहते आणि 200 आले की साइट चालू असल्याची नोंद करते. पण होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले तर अनेक होस्टिंग कंपन्या "हे खाते बंद केले आहे" असे सांगणारे पान दाखवतात, आणि त्या पानाचा संकेतही बऱ्याचदा 200 असतो. डोमेनची मुदत संपल्यावर तिथे जाहिरातींचे पान येते, तेही 200 घेऊनच. भावाचा डेटाबेस बंद पडला आणि पानाची जुनी प्रत कॅशमधून, म्हणजे सर्व्हरच्या साठवणीतून, जात राहिली, तरीही 200. विहिरीवरच्या स्टार्टरचा दिवा लागला म्हणजे शेतात पाणी पोहोचले असे कोणी मानत नाही. पाइपाच्या तोंडाशी धार पडताना पाहावी लागते. साइटचेही तसेच आहे.

म्हणून मुख्य पानावर अवलंबून न राहता तपासणीसाठी एक वेगळे, छोटे पान बनवावे. ते डेटाबेसला स्वतः विचारते की शेवटचा भाव कोणत्या तारखेचा आहे, आणि तो ताजा असेल तरच ठरलेला शब्द छापते. आपल्या केळीच्या साइटसाठी ते असे असेल:

```php
<?php
date_default_timezone_set('Asia/Kolkata');
header('Cache-Control: no-store');
$db = new mysqli('localhost', 'user', 'pass', 'keli');
$r = $db->query('SELECT MAX(dinank) AS d FROM bhav')->fetch_assoc();
$vay = time() - strtotime($r['d'] ?? '2000-01-01');
echo $vay < 36 * 3600 ? 'BHAV-OK' : 'BHAV-JUNA';
```

यातल्या 36 तासांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. डेटाबेसमध्ये नुसती तारीख असेल तर संगणक ती त्या दिवशीच्या मध्यरात्री 12 पासून मोजतो. कालच्या तारखेत 36 तास मिळवले की आजचे दुपारचे 12 वाजतात. म्हणजे आजचा भाव दुपारपर्यंत चढला नाही, तर हे पान BHAV-JUNA म्हणू लागते. भारतीय वेळ ठरवणारी पहिली ओळ विसरू नये. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते, आणि ती भारतापेक्षा साडेपाच तास मागे आहे. ती ओळ नसेल तर दुपारी बाराचा इशारा संध्याकाळी साडेपाचला मिळेल. दुसरी ओळ या पानाची प्रत कॅशमध्ये ठेवू नका असे सांगते. काही कॅशिंग प्लगइन ही सूचना पाळत नाहीत, तेव्हा त्यांच्या सेटिंगमध्ये या पानाचा पत्ता वेगळा वगळावा लागतो. पानावर या एका शब्दाशिवाय काहीही छापू नये, कारण ते जगाला उघडे असते.

आता तपासणाऱ्या सेवेत "कीवर्ड" प्रकारची तपासणी निवडायची आणि BHAV-OK हा शब्द न दिसल्यास इशारा द्यायला सांगायचे. खाते बंद केल्याचे पान असो, डोमेनचे जाहिरात पान असो, डेटाबेसचा बिघाड असो किंवा भाव चढवणारा माणूस आजारी असो, चारही प्रसंगी तो शब्द नसेल. ज्या दिवशी बाजार बंद असतो त्या दिवसासाठी सेवेत देखभालीची वेळ आधीच नोंदवून ठेवता येते.

किती वेळाने तपासायचे? दर 5 मिनिटांनी तपासले तर 3 मिनिटांचा बिघाड पकडला जाण्याची शक्यता 60 टक्के, कारण 5 मिनिटांच्या फटीतली 3 मिनिटेच तो असतो. छोट्या साइटला हे पुरते. पण एका फसलेल्या तपासणीवर लगेच इशारा पाठवू नये. वाटेतल्या एखाद्या जोडणीत क्षणभर अडथळा आला तरी तपासणी फसते, आणि अशा खोट्या निरोपांनी माणूस आठवड्याभरात ॲपचा आवाज बंद करून टाकतो. मग खरा निरोपही तसाच पडून राहतो. म्हणून पहिली तपासणी फसल्यावर एकेका मिनिटाने आणखी दोनदा पाहायचे, शक्य असेल तर दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवरून, आणि तिन्ही वेळा तेच आले तरच कळवायचे. या मांडणीत बिघाड झाल्यापासून इशारा यायला जास्तीत जास्त 7 मिनिटे आणि सरासरी साडेचार मिनिटे लागतात. खोटे इशारे जवळपास संपतात, त्यासाठी ही दोन मिनिटे खर्च करणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

एक खोटा इशारा मात्र पुन्हा तपासूनही जात नाही. साइटच्या सुरक्षा प्लगइनला दर 5 मिनिटांनी येणारा हा पाहुणा हल्लेखोर वाटतो आणि ते त्याला 403, म्हणजे परवानगी नाही, म्हणून हाकलते. साइट सगळ्यांना दिसते, फक्त तपासणाऱ्याला नाही. इशाऱ्यात 403 दिसले तर आधी हा संशय घ्यावा. सेवा ज्या आयपी पत्त्यांवरून तपासते त्यांची यादी जाहीर असते, ती प्लगइनमध्ये परवानगीच्या यादीत टाकली की प्रश्न सुटतो.

आता निरोपाची वाट. इथे एक सापळा वारंवार दिसतो: साइटचे डोमेन आणि मालकाचा ईमेल एकाच नावावर असतात. डोमेनची मुदत संपली की साइटबरोबर तो ईमेलही बंद पडतो आणि "साइट बंद आहे" ही मेल बंद पेटीकडे जाते. इशाऱ्याचा ईमेल नेहमी वेगळ्या डोमेनचा हवा. शिवाय पहाटे कोणी मेल पाहत नाही. एसएमएसचे भारतात वेगळे आहे: ट्रायच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक संदेशाचे शीर्षक आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे छोट्या मालकाने स्वतः ती व्यवस्था उभी करणे कटकटीचे ठरते. टेलिग्रामचा बॉट सोपा पडतो. ॲपमध्ये BotFather कडून बॉट बनवून घेतला की एक टोकन मिळते. निरोप ज्याला हवा त्याने आधी एकदा त्या बॉटला स्वतः निरोप पाठवायचा आणि आपला चॅट क्रमांक घ्यायचा, मग एक आज्ञा पुरते:

```
curl -s "https://api.telegram.org/bot$TOKEN/sendMessage" \
  -d chat_id="$CHAT" \
  --data-urlencode text="भाव पान बंद, 6:42 पासून"
```

तयार सेवांमध्ये ही आज्ञाही लिहावी लागत नाही, टोकन आणि चॅट क्रमांक भरला की झाले. पण अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप झोपवतात, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये टेलिग्रामला बॅटरीच्या बंधनातून मोकळे करायलाच हवे. निरोप मालकाबरोबर साइट सांभाळणाऱ्या मुलालाही जावा, आणि त्यात काय बंद, केव्हापासून, कोणता संकेत आला आणि होस्टिंगच्या मदत कक्षाचा नंबर, एवढे असावे. पहाटे शेतात उभ्या माणसाला पासवर्ड टाकून काही पाहायला लावू नये. साइट परत सुरू झाल्याचा निरोपही तितकाच लागतो.

काही जण पैसे वाचवायला तपासणीचे सॉफ्टवेअर घरच्या जुन्या संगणकावर बसवतात. मे-जूनच्या वादळात रावेर, मुक्ताईनगरकडे केळीबरोबर विजेचे खांबही आडवे होतात. वीज गेली की तपासणारा गप्प, आणि ही शांतता म्हणजे सगळे ठीक असाच अर्थ मालक घेतो. यावर उपाय उलट्या दिशेचा आहे. घरच्या संगणकाने दर 5 मिनिटांनी Healthchecks.io सारख्या बाहेरच्या सेवेला "मी जागा आहे" एवढे कळवत राहायचे. 15 मिनिटे हाक आली नाही की ती सेवा निरोप पाठवते. रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपवरही हीच युक्ती लावता येते, कारण बॅकअप चुकला तर साइट बंद पडत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

एक गोष्ट बंद पडण्याआधीच कळू शकते: साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत. ती संपली की ब्राउझर साइटऐवजी धोक्याचा इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते आणि सहसा आपोआप नवे होते. ते झाले नाही तर पूर्वी त्यांच्याकडून सूचनेची मेल येई, पण 2025 च्या जूनपासून त्यांनी त्या मेल बंद केल्या आहेत. तेव्हा प्रमाणपत्र आणि डोमेन या दोन्हींच्या मुदतीची पूर्वसूचना आपल्याच तपासणीत लावून घ्यावी. प्रमाणपत्राला 14 दिवस पुरतात. डोमेनला महिनाभर आधी, कारण पैसे कोणाच्या खात्यातून भरायचे हे ठरायलाच वेळ जातो.

सगळे बसवल्यावर साइट न बिघडवता चाचणी घेता येते. सेवेतला शब्द BHAV-OK बदलून BHAV-CHACHNI करा आणि घड्याळ पाहा. 7 मिनिटांच्या आसपास दोन्ही फोन वाजायला हवेत. मग शब्द पूर्ववत करा आणि "सुरू झाली" हा निरोप येतो का ते पाहा. हीच चाचणी एकदा रात्री, फोन नेहमी ठेवता तसाच ठेवून घ्या, आणि फोन किंवा सिम बदलले की पुन्हा घ्या.