पाहुणचार-संदेशांतील आदरपातळी (पुणे)

हॉटेल किंवा अतिथिगृह आणि पाहुणे यांच्यातील संदेश औपचारिक मराठी व इंग्रजी यांच्यात अनुवादित करताना आदराची पातळी जुळवण्याची पद्धत. इंग्रजीत 'यू' सर्वांना एकच. त्यामुळे आदराचा भार 'प्लीज', 'वुड यू' अशा शब्दांवर पडतो. मराठीत तो सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असतो.

पुण्याच्या औपचारिक लेखनात पाहुण्याला 'आपण' म्हणतात. हे सर्वनाम संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आले, हे सर्वमान्य आहे. मात्र त्याचा आदरार्थी उपयोग मराठीत आपसूक वाढला की हिंदी 'आप'च्या सहवासाने, याविषयी एकमत नाही. यादवकालीन मराठीत 'स्वतः' या अर्थी 'आपण' रुळलेले दिसते. त्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. दरबारी पत्रव्यवहाराने हा उपयोग पक्का केला असावा.

ऐकणाऱ्यासह 'आम्ही' असाही 'आपण'चा अर्थ होतो. 'आपण निघणार आहात' आणि 'आपण निघणार आहोत' यांतला फरक क्रियापद सांगते. 'आपला'ला ती सोय नाही. 'आपली गाडी ९ वाजता दारात येईल' यात गाडी पाहुण्याची की हॉटेलची, हे कळत नाही आणि इंग्रजीत 'युअर कार' की 'अवर कार' हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी 'हॉटेलची गाडी' असे स्पष्ट लिहिणे उत्तम. त्याने आदर कमी होत नाही.

विनंतीचा अनुवाद अधिक जोखमीचा असतो. समजा, पाहुणा लिहितो: 'सासूबाईंना जिना चढवत नाही. तळमजल्यावर खोली मिळाली तर फार बरे होईल.' मराठी वाचकाला ही निकड कळते. 'मिळाली तर' हा संकेतार्थ, म्हणजे अटीची रचना, केवळ भिडेपोटी आहे. त्याचे 'इट वुड बी नाइस' केले, तर स्वागतकक्षात ती आवड म्हणून नोंदली जाते आणि खोली वरच्या मजल्यावर मिळू शकते. म्हणून इंग्रजीत अडचण आधी सांगून 'वी नीड' म्हणावे. 'प्लीज' एकदा पुरते.

उत्तर येते, 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी'. 'उपलब्धतेच्या अधीन' हे त्याचे कचेरीछाप रूप पाहुण्याला अर्धा होकार वाटू शकते. 'खोली रिकामी असेल तरच देता येईल. आधी खात्री देता येत नाही' हे नेमके आहे. 'देणार नाही'त नकार माणसाचा वाटतो, 'देता येत नाही'त परिस्थितीचा. अनुवादकाने आपल्या पदरचे 'नक्की प्रयत्न करू' मात्र जोडू नये, कारण पाहुणा ते आश्वासन धरून चालतो.

'कृपया नोंद घ्यावी' हा साचा सूचनाफलकाचा आहे. 'प्लीज नोट'साठी तो सर्रास वापरतात, पण एका पाहुण्याला लिहिताना 'आपल्याला कळवायचे होते' असे म्हणणे योग्य.